विक्रीच्या अंदाजापासून नफ्याच्या आकड्यापर्यंत: छोट्या कारखान्याचं मास्टर बजेट

विक्री, उत्पादन, खरेदी, मजुरी आणि ओव्हरहेड म्हणजे कारखाना चालवण्याचा बाकीचा खर्च, यांची बजेटं एकमेकांना आकडे देत शेवटी नफ्याच्या एका आकड्यापाशी येऊन थांबतात. या सगळ्या साखळीला मिळून मास्टर बजेट म्हणतात. छोट्या कारखान्यात या साखळीच्या कड्या सुट्या सुट्या असतातच. विक्रीचं टार्गेट मालकाच्या वहीत, खरेदीची यादी स्टोअरमध्ये, पगाराचा आकडा अकाउंटंटकडे. त्यांना जोडणारा दुवा मात्र नसतो. मग नफ्याचा आकडा आधी मनाशी ठरतो आणि खर्च त्याच्यात बसवले जातात. खरं तर तो आकडा सगळ्यात शेवटी, बाकीची बजेटं करून झाल्यावर आपसूक निघायला हवा.

हे एका उदाहरणावरच पाहू. एक छोटा कारखाना पत्र्याचे टूलबॉक्स बनवतो. एकच प्रकार, एकच माप. विक्रीची किंमत ५२० रुपये नग. बजेट तीन महिन्यांचं करायचं आहे. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, आणि खरेदी-विक्रीवरचे कर हिशेबाबाहेर ठेवले आहेत.

विक्रीतून उत्पादन

विक्रीचा अंदाज असा आहे: पहिल्या महिन्यात २,००० नग, दुसऱ्यात २,४०० आणि तिसऱ्यात ३,०००. तीन महिन्यांचे एकूण ७,४०० नग. बजेट तीन महिन्यांचं असलं तरी चौथ्या आणि पाचव्या महिन्याचाही अंदाज लागतो. ते दोन्ही महिने २,६०० नगांचे धरले आहेत. तिसऱ्या महिन्याअखेर किती तयार माल आणि किती पत्रा हाताशी हवा, हे पुढच्या विक्रीवर ठरतं. पुढचे महिने कोरे सोडले, तर शेवटचा महिना आपण कारखाना बंद करणार आहोत असं समजून मांडला जातो.

कारखान्याचा नियम असा आहे की महिनाअखेर पुढच्या महिन्याच्या विक्रीच्या २० टक्के तयार नग गोदामात असावेत. सुरुवातीला ४०० नग शिल्लक आहेत. किती बनवायचे, ते यावरून ठरतं: विक्री, अधिक महिनाअखेर हवा असलेला साठा, वजा सुरुवातीचा साठा.

पहिल्या महिन्यात २,००० अधिक ४८० वजा ४००, म्हणजे २,०८० नग. दुसऱ्या महिन्यात याच रीतीने २,५२० आणि तिसऱ्यात २,९२०. एकूण ७,५२०. विक्री ७,४०० आणि उत्पादन ७,५२०, म्हणजे १२० नगांचा फरक. साठा ४०० वरून ५२० वर गेला, तेच हे १२० नग. या फरकाचा ठावठिकाणा नीट ठेवायचा, कारण पुढे नफ्याच्या हिशेबात चूक होते ती बहुधा याच जागी.

स्प्रेडशीटमध्ये हे मांडताना महिने आडवे ठेवावेत आणि कुठलाही आकडा दोनदा टाइप करू नये. तिसऱ्या ओळीत विक्री, चौथीत अखेरचा साठा, पाचवीत सुरुवातीचा साठा आणि सहावीत उत्पादन असेल, आणि २० टक्के हा आकडा `B1` मध्ये असेल, तर दुसऱ्या महिन्याच्या रकान्यात एवढंच लागतं:

```
C4: =$B$1*D3
C5: =B4
C6: =C3+C4-C5
```

दुसऱ्या महिन्याचा सुरुवातीचा साठा म्हणजे पहिल्याचा अखेरचा साठा. `C5` मध्ये हा दुवा न घालता हाताने आकडा भरला, की विक्रीचा अंदाज बदलल्यावर साखळी तिथेच तुटते आणि तुटल्याचं दिसतही नाही.

उत्पादनातून खरेदी

तयार टूलबॉक्समध्ये २.२५ किलो पत्रा असतो. पण पत्रा कापताना कडा आणि कोपरे वाया जातात, आणि घेतलेल्या पत्र्याच्या १० टक्के घट होते. मग एका नगाला किती पत्रा घ्यायचा? २.२५ मध्ये १० टक्के मिळवले तर २.४७५ किलो येतात, आणि हे उत्तर चूक आहे. घट घेतलेल्या पत्र्यावर मोजलेली आहे, तयार वजनावर नाही. म्हणून २.२५ ला ०.९० ने भागायचं, आणि उत्तर येतं २.५ किलो. फरक २५ ग्रॅमचा दिसतो, पण ७,५२० नगांना तो १८८ किलो होतो, आणि बरोबर महिनाअखेरीला, ऑर्डर भरायच्या वेळी तेवढा पत्रा कमी पडतो.

खरेदीचं सूत्र उत्पादनासारखंच आहे, फक्त विक्रीच्या जागी उत्पादनाला लागणारा माल येतो: लागणारा पत्रा, अधिक महिनाअखेर हवा असलेला पत्रा, वजा सुरुवातीचा पत्रा. इथला नियम असा की महिनाअखेर पुढच्या महिन्याच्या गरजेच्या ३० टक्के पत्रा हाताशी असावा. हा टक्का मनाने ठरवायचा नाही. पुरवठादाराला माल पोचवायला नऊ दिवस लागत असतील, तर महिन्याच्या तीसपैकी नऊ दिवसांचा साठा, म्हणजे ३० टक्के, हे त्यातूनच येतं. पुरवठादार बदलला, की हा आकडाही बदलायला हवा.

पहिल्या महिन्यात २,०८० नगांना ५,२०० किलो पत्रा लागेल. अखेरीस १,८९० किलो हवा, सुरुवातीला १,५६० किलो आहे. खरेदी ५,५३० किलो. पुढच्या दोन महिन्यांची खरेदी ६,६०० आणि ७,०६० किलो. एकूण १९,१९० किलो. ८० रुपये किलोने ही खरेदी १५,३५,२०० रुपयांची झाली.

वापरला जाणारा पत्रा मात्र १८,८०० किलोच आहे. राहिलेला ३९० किलो साठ्यात वाढला. खरेदी आणि वापर हे दोन आकडे दोन वेगळ्या ओळींत ठेवावेत. खरेदी जाते पैशांच्या बजेटमध्ये, वापर जातो नफ्याच्या हिशेबात.

हँडल आणि कडी यांचा संच तयार विकत येतो. एका नगाला एक, ४५ रुपयांना. तो लागेल तसा मागवता येतो म्हणून साठा धरलेला नाही. एकूण ३,३८,४०० रुपये.

मजुरी: इथून मागे वळावं लागतं

आतापर्यंत आकडे एकाच दिशेने वाहत होते. मजुरीपाशी आलं की बजेट प्रश्न विचारतं: एवढे नग बनवायला तास आहेत का?

एका टूलबॉक्सला कापणे, वाकवणे, स्पॉट वेल्डिंग, रंग आणि जोडणी मिळून पाऊण तास लागतो. कारखान्यात दहा कामगार आहेत. महिन्याचे २५ दिवस, दिवसाचे आठ तास, म्हणजे पगार २,००० तासांचा द्यायचा. पण सगळे तास कामाचे नसतात. डाय बदलणं, यंत्र थांबणं, चहा, रजा यात दहावा हिस्सा जातो आणि हातात १,८०० तास राहतात. एका कामगाराचा कारखान्याला पडणारा सगळा खर्च महिना १८,००० रुपये, म्हणजे दहा जणांचे १,८०,०००. पगाराच्या तासाने भागलं तर दर ९० रुपये येतो. कामाच्या तासाने भागलं तर १०० रुपये. नगाचा मजुरी खर्च काढताना १०० चा दर घ्यायचा, कारण पाऊण तास हा कामाचा पाऊण तास आहे. तेव्हा नगामागे मजुरी ७५ रुपये. ९० चा दर घेतला तर ती ६७.५० दिसते आणि न झालेल्या कामाचा पगार कुठल्याच नगावर बसत नाही.

आता तास मोजू. पहिल्या महिन्यात २,०८० नगांना १,५६० तास लागतात, म्हणजे २४० तास रिकामे. दुसऱ्यात २,५२० नगांना १,८९० लागतात, ९० तास कमी पडतात. तिसऱ्यात २,९२० नगांना २,१९० लागतात, ३९० तास कमी. एकीकडे २४० तासांचा पगार बसून द्यायचा आणि दुसरीकडे ४८० तास ओव्हरटाइम. ओव्हरटाइमचा दर दुप्पट, म्हणजे तासाला १८० रुपये धरला, तर ८६,४०० रुपये होतात.

बरेच जण हा आकडा तसाच पुढे नेतात. पण बजेट करण्याचा सगळ्यात मोठा फायदा याच जागी आहे, कारण अजून एकही पेटी बनलेली नाही. पहिल्या महिन्याच्या रिकाम्या २४० तासांत ३२० नग आधीच बनवता येतात. मग पहिल्या आणि दुसऱ्या महिन्यात २,४०० नग आणि तिसऱ्यात २,७२०. एकूण तेच ७,५२०. ओव्हरटाइम फक्त तिसऱ्या महिन्यात, २४० तास, ४३,२०० रुपयांचा. तो माणशी २४ तास म्हणजे दिवसाला साधारण एक तास येतो, आणि ते जमण्यासारखं आहे.

त्याची किंमत काय? पहिल्या महिन्याअखेर ३२० आणि दुसऱ्याअखेर २०० नग ठरल्यापेक्षा जास्त गोदामात राहतील. नगामागे माल आणि नगांबरोबर वाढणारा वीज-रंगासारखा खर्च मिळून २७५ रुपये त्यात अडकतील. महिना १ टक्का व्याज धरलं तरी हा भार दीड हजाराच्या आत राहतो. ओव्हरटाइममध्ये वाचणाऱ्या ४३,२०० पुढे तो काहीच नाही. मात्र गोदामात ८०० नग ठेवायला जागा आहे का, हे जाऊन पाहून यावं, आणि डिझाइन लवकरच बदलणार असेल तर हा मार्ग घेऊ नये.

उत्पादन बदललं म्हणजे खरेदीही बदलली. दुवे नीट असतील तर शीट ते स्वतःच करते:

| | पहिला महिना | दुसरा महिना | तिसरा महिना | एकूण |
|---|---|---|---|---|
| विक्री (नग) | २,००० | २,४०० | ३,००० | ७,४०० |
| उत्पादन (नग) | २,४०० | २,४०० | २,७२० | ७,५२० |
| अखेरचा तयार साठा (नग) | ८०० | ८०० | ५२० | ५२० |
| पत्र्याचा वापर (किलो) | ६,००० | ६,००० | ६,८०० | १८,८०० |
| पत्र्याची खरेदी (किलो) | ६,२४० | ६,२४० | ६,७१० | १९,१९० |
| कामाचे तास | १,८०० | १,८०० | २,०४० | ५,६४० |

पहिल्या महिन्याची पत्रा खरेदी ७१० किलोने वाढली. पत्रा आणि संच मिळून ७१,२०० रुपये आधीच्या आराखड्यापेक्षा जास्त लागणार आहेत. पैशांचं बजेट करताना हे आठवणीने पाहावं लागेल.

ओव्हरहेड: दोन भाग वेगळे ठेवा

ओव्हरहेडला एकच टक्का लावून मोकळं होण्याची सवय बजेट बिघडवते. त्याचे दोन भाग करायलाच हवेत. काही खर्च नगांबरोबर वाढतो: वीज, रंगाची पावडर, वेल्डिंगचे इलेक्ट्रोड, पॅकिंग. भंगार विकून येणारे पैसे यातून वजा करून नगामागे ३० रुपये धरले आहेत. ७,५२० नगांचे २,२५,६०० रुपये.

दुसरा भाग नग कितीही बनोत, तेवढाच राहतो. महिन्याला भाडं ६०,०००, सुपरवायझर आणि स्टोअरकीपर यांचा पगार ५०,०००, देखभाल आणि विमा १४,०००, यंत्रांचा घसारा २०,०००. मिळून १,४४,०००, म्हणजे तीन महिन्यांचे ४,३२,००० रुपये.

यात एक छोटी भर पडते. ओव्हरटाइमच्या २४० तासांना १८० चा दर दिला, पण नगावर १०० च्या दराने मजुरी बसवली. उरलेले तासाला ८० रुपये, एकूण १९,२००, कुठे जातील? ओव्हरटाइममध्ये बनलेल्या पेट्या महाग आणि दिवसपाळीतल्या स्वस्त असं म्हणण्यात अर्थ नाही. एकूण काम जास्त होतं म्हणून जादा पैसे गेले, तेव्हा ते सगळ्या नगांवर वाटायचे. म्हणून ही रक्कम स्थिर ओव्हरहेडमध्ये मिळवायची. आता ४,५१,२०० झाले. ७,५२० नगांनी भागलं तर नगामागे बरोबर ६० रुपये.

आता एका टूलबॉक्सचा उत्पादन खर्च सांगता येतो: पत्रा २००, संच ४५, मजुरी ७५, बदलता ओव्हरहेड ३०, स्थिर ओव्हरहेड ६०. एकूण ४१० रुपये. यातला शेवटचा ६० चा आकडा ७,५२० नग बनतील या गृहीतावर उभा आहे.

नफ्याचा आकडा

तीन महिन्यांत उत्पादनावर होणारा एकूण खर्च ७,५२० गुणिले ४१०, म्हणजे ३०,८३,२०० रुपये. पण हा विकलेल्या मालाचा खर्च नाही. सुरुवातीला गोदामात ४०० नग होते, आधीच्या तिमाहीत ४०० रुपये दराने बनलेले. ते आधी विकले जातील असं धरलं आहे. अखेरीस ५२० नग ४१० दराने शिल्लक राहतील.

| | रुपये |
|---|---|
| विक्री (७,४०० नग, ५२० दराने) | ३८,४८,००० |
| सुरुवातीचा तयार साठा | १,६०,००० |
| अधिक: उत्पादन खर्च | ३०,८३,२०० |
| वजा: अखेरचा तयार साठा | २,१३,२०० |
| विकलेल्या मालाचा खर्च | ३०,३०,००० |
| ढोबळ नफा | ८,१८,००० |
| वाहतूक व कमिशन (नगामागे २०) | १,४८,००० |
| ऑफिस व विक्रीचा स्थिर खर्च | ३,६०,००० |
| कर्जावरचं व्याज | ४५,००० |
| करापूर्वीचा अंदाजित नफा | २,६५,००० |

म्हणजे विक्रीच्या सुमारे ६.९ टक्के. उत्पादन सपाट न करता पहिलाच आराखडा चालवला असता, तर हाच आकडा सुमारे ४० हजारांनी खाली आला असता. ओव्हरटाइमच्या ४३,२०० पैकी थोडा भाग अखेरच्या साठ्यात जातो, म्हणून पूर्ण फरक लगेच दिसत नाही.

आकडा बरोबर आहे का, हे तपासायला एक आडवाट आहे. नगामागे ५२० वजा ४१०, म्हणजे ११० रुपये. गुणिले ७,४००, म्हणजे ८,१४,०००. जुने ४०० नग दहा रुपयांनी स्वस्त बनले होते, त्याचे ४,०००. बेरीज ८,१८,०००. जुळलं. अशी दुसरी वाट काढून तपासणी केल्याशिवाय बजेट कुणासमोर ठेवू नये.

कुठे फसतं

पहिली फसगत साठ्याची. विक्रीतून सरळ खरेदी वजा केली तर पत्र्याचे १५,३५,२०० नफ्याच्या हिशेबात जातात, प्रत्यक्षात वापर १५,०४,००० चा आहे. ३१,२०० रुपयांचा नफा नाहीसा होतो. तसंच तयार मालाचा साठा विसरला, तर खर्च ३०,३०,००० च्या जागी ३०,८३,२०० धरला जातो आणि आणखी ५३,२०० जातात. दोन्ही चुका एकाच दिशेच्या, आणि साठा वाढत असताना त्या नफा कमी दाखवतात. साठा घटत असेल तर त्याच चुका नफा फुगवतात, आणि ते जास्त धोक्याचं.

दुसरी फसगत उलटी आहे आणि तिच्याकडे मी विशेष लक्ष वेधतो, कारण ती चांगल्या बातमीच्या रूपात येते. समजा विक्री तेवढीच ठेवून उत्पादन ८,००० नग केलं. त्यासाठी लागणारा जादा ओव्हरटाइम क्षणभर बाजूला ठेवू. स्थिर ओव्हरहेड आता नगामागे ५६.४० वर येतो आणि अखेरीस १,००० नग उरतात. त्या नगांबरोबर ५६,४०० रुपयांचा स्थिर खर्च साठ्यात जाऊन बसतो, आधी ३१,२०० बसत होता. नफा २५,२०० रुपयांनी वाढलेला दिसतो, आणि एकही पेटी जास्त विकलेली नाही. ओळखायचं कसं? नफा वाढला आणि अखेरचा साठा ठरलेल्या २० टक्क्यांच्या वर गेला, या दोन गोष्टी एकत्र घडल्या की ती वाढ कागदावरची समजावी.

तिसरी फसगत म्हणजे ४१० चा आकडा कुठल्याही प्रश्नाला लावणं. विक्री १० टक्के घटली, ७४० नग कमी विकले गेले, तर नफा किती घटेल? ५२० वजा ४१० वजा वाहतुकीचे २०, म्हणजे ९० रुपये नगामागे, म्हणून ६६,६०० रुपये, असं उत्तर चटकन येतं. ते चूक आहे. भाडं कमी होणार नाही आणि दहा कामगारांचा पगारही कमी होणार नाही. कमी होईल तो फक्त माल, बदलता ओव्हरहेड, वाहतूक आणि ओव्हरटाइम. नगामागे २२५ रुपये हातचे जातात, ते ७४० नगांचे १,६६,५०० होतात, आणि त्यातले ओव्हरटाइमचे ४३,२०० वाचतात. उरलेल्या साठ्यावर जादा बसणारा खर्च धरला तरी नफा सुमारे १ लाख २० हजारांनी घटतो. २,६५,००० चे १,४५,००० च्या आसपास होतात. म्हणून बजेट मंजूर करण्याआधी विक्री १० टक्के कमी आणि पत्र्याचा भाव ५ टक्के जास्त, असे दोन वेगळे फेरे काढून ठेवावेत. पत्रा ८० वरून ८४ वर गेला तर, जुना साठा जुन्या भावाचा धरूनही, सुमारे ६४ हजार जातात.

पैसे वेगळे, नफा वेगळा

पैशांचं बजेट याच आकड्यांतून निघतं, पण त्याची वेळ वेगळी असते. पहिल्या महिन्याची विक्री १०,४०,००० रुपयांची आहे. गिऱ्हाईक ती पुढच्या महिन्यात देणार असेल आणि पुरवठादार पत्र्याचे पैसे रोख मागणार असेल, तर त्या महिन्यातला ४,९९,२०० चा पत्रा, १,०८,००० चे संच आणि १,८०,००० चे पगार मागच्या वसुलीतून भागवावे लागतील. उलट घसाऱ्याचे तीन महिन्यांचे ६०,००० नफ्यातून वजा झाले, पण खिशातून गेले नाहीत. पैसे कमी पडून जास्त कर्ज काढावं लागलं तर व्याज वाढतं, नफा बदलतो, आणि शीट स्वतःभोवती फिरायला लागते. छोट्या कारखान्यात व्याजाचा आकडा हाताने ठेवावा आणि पैशांचं बजेट झालं की एकदाच दुरुस्त करावा, तेवढं पुरतं.

महिना संपल्यावर तुलना कशी करायची

समजा पहिल्या महिन्यात पत्र्याचा वापर ६,००० किलो झाला. बजेटही ६,००० चंच होतं. सगळं ठरल्याप्रमाणे दिसतं. पण नग २,४०० च्या जागी २,३०० बनले. मग २,३०० नगांना किती पत्रा चालला असता, हे आधी विचारायला हवं. २.५ ने गुणलं तर ५,७५०. म्हणजे २५० किलो, २०,००० रुपयांचा पत्रा जास्त गेला, आणि मूळ बजेटशी तुलना करून तो कधीच सापडला नसता. ठरलेल्या नगांशी नव्हे, बनलेल्या नगांशी तुलना करायची.

घट किती झाली तेही यातून निघतं. २,३०० नगांत ५,१७५ किलो पत्रा आहे आणि घेतला ६,०००. म्हणजे घट १० नव्हे, १३.७५ टक्के. आता शोध तीन ठिकाणी घ्यावा. पत्र्यावर नग बसवायची मांडणी बदलली का, वेल्डिंगनंतर नापास झालेल्या पेट्या पुन्हा बनवल्या का, आणि आलेला पत्रा ठरल्यापेक्षा जाड होता का. जाड पत्रा असेल तर तयार नगाचं वजनही २.२५ च्या वर भरेल, वजनकाट्यावर दहा पेट्या ठेवून ते पाच मिनिटांत कळतं. तसं नसेल आणि घट खरोखरच १४ टक्क्यांच्या आसपास राहणार असेल, तर शीटमधला घटीचा एकच आकडा बदलायचा. नगाचा पत्रा २.६२ किलोवर जाईल, खर्च सुमारे सव्वानऊ रुपयांनी वाढेल, आणि उरलेल्या दोन महिन्यांची खरेदी, नगाचा खर्च व अखेरचा नफा त्याच क्षणी नव्याने मांडला जाईल.